हात मऊ, काटा धारदार

बारसं आधी आणि बाळ मागाहून, अशी उस्तादांची पद्धत होती. फोटोला नाव आधी ठेवायचं, फोटो सवडीने काढायचा. ‘नादकाट्यामागचा माणूस’ हे नाव त्यांना आंघोळ करताना सुचलं. अंग पुसायच्या आत त्यांनी ते प्रदर्शनाच्या आयोजकांना फोनवर कळवलं, आणि मग पियानोचे सूर जुळवणारा एक म्हातारा शोधून काढून त्याच्यासमोर कॅमेरा घेऊन उभे राहिले. फोटो सुरेख आला. म्हातारा जुन्या पियानोच्या झिजलेल्या झाकणावर एक हात पुढे टाकून बसलेला, डोळे असे की बघणाऱ्याने आपला आवाज खाली आणावा. नादकाटा मात्र फोटोत नव्हता. ठोकला की एकच सूर देणारा तो दोन बोटांचा पोलादी काटा म्हाताऱ्याच्या कोटाच्या खिशात होता, आणि दोन तास चाललेल्या त्या साधनेत ‘आजोबा, तेवढा बाहेर काढा’ एवढं म्हणायचं उस्तादांना सुचलं नाही.

हे लक्षात आलं तोवर म्हातारा कोटासकट आपल्या मुलीकडे, दुसऱ्या देशात निघून गेला होता. तेव्हा उस्ताद नेहमीप्रमाणे मागच्या खोलीच्या दारात आले.

मागच्या खोलीत वहिनी बसायची. वहिनी म्हणजे उस्तादांची बायको. स्टुडिओत येणारा दिवेवाला, चौकटवाला, गिऱ्हाइकं, सगळेच तिला वहिनी म्हणत, आणि ती आत काय करते असं कुणी विचारलं तर उस्ताद म्हणत, ‘‘कॉम्प्युटरचं बघते.’’ जणू कॉम्प्युटर म्हणजे गॅसवर ठेवलेलं दूध. खोलीला राखाडी रंग दिलेला होता, खिडकीवर काळं कापड होतं, आणि दोन पडद्यांसमोर बसून सोळा वर्षं वहिनी उस्तादांच्या फोटोंत जे नव्हतं ते आणून ठेवत होती. बाहेर पाटी होती, ‘एक क्लिक, एक सत्य’. फोटोला आपण बोटसुद्धा लावत नाही, असं उस्ताद प्रत्येक मुलाखतीत सांगत. ते खरंच होतं. बोटं वहिनीची असत.

‘‘अगं, तो नादकाटा टाकायचाय तेवढा,’’ उस्ताद म्हणाले. ‘‘हाताच्या पुढे. दहा मिनिटांचं काम.’’

‘‘प्रदर्शनाच्या यादीत माझं नाव येणार आहे ना या वेळी?’’ वहिनीने पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

‘‘येणार म्हटलंय ना. शेवटच्या पानावर, छोट्या अक्षरांत. ‘चित्रसंस्कार’ असं काहीतरी लिहू. भोचक माणसं विचारणार नाहीत असं.’’

सोळा वर्षांत हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच दिला होता, आणि तोही वहिनीने मार्चमध्ये आठ दिवस मागची खोली बंद ठेवली तेव्हा. एकवीस फोटोंचं प्रदर्शन, त्याची जाड कागदावर छापलेली यादी, आणि त्या यादीत आपलं नाव, तेवढंच तिला हवं होतं. मानधन नको, हार नको. मेल्यावर नातेवाइकांनी ‘कॉम्प्युटरचं बघायची’ असं म्हणू नये, एवढी माफक इच्छा.

वाद्यांच्या दुकानातून तिने तसाच एक काटा आणला. लाकडी ठोकळ्यात उभा राहणारा. आणि तीन दिवस त्यावर काम करत बसली, कारण दहा मिनिटांचं काम कुठलं ते तिलाच ठाऊक होतं.

उस्ताद लेन्सचं तोंड सताड उघडं ठेवून फोटो काढत. तसं केलं की एकाच अंतरावरचं तेवढं धारदार येतं, इथे म्हाताऱ्याचे डोळे, आणि त्याच्या मागचं सगळं लोण्यासारखं मऊ होतं. ते लोणी बघून लोक ‘वाहवा’ म्हणतात आणि उस्ताद मान झुकवतात. पण जे डोळ्यांच्या अलीकडे, कॅमेऱ्याच्या जवळ असतं, तेही मऊ होतं, हे मान झुकवणाऱ्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. म्हाताऱ्याचा पुढे टाकलेला हात मऊ होता. बाहीचं बटण मऊ होतं. मग त्याच्या पुढ्यात ठेवलेला काटा मऊच असायला हवा, आणि नेमका किती, हाच सगळा प्रश्न.

उस्तादांनी दारातूनच सल्ला दिला होता. ‘‘मागच्या दिव्याला बघ किती ब्लर आहे, तेवढा काट्याला देऊन टाक.’’ सल्ला द्यायला पैसे पडत नाहीत. मागचा दिवा डोळ्यांच्या पलीकडे चार पावलांवर, काटा डोळ्यांच्या अलीकडे दीड वितीवर. एकाचं माप दुसऱ्याला देणं म्हणजे सासऱ्याची चप्पल नातवाला घालणं. वहिनीने माप बाहीच्या बटणावरून घेतलं. बटणावर खिडकीच्या उजेडाची एक टिकली चमकत होती. नीट फोकस असता तर ती सुईच्या टोकाएवढी दिसली असती. मऊपणामुळे ती पसरून गोल चकती झाली होती. मोठं करून मोजली तर पडद्यावरचे बावीस ठिपके रुंद. काटा बटणाच्याच रांगेत ठेवायचा, म्हणजे काट्याच्या बुडाला बावीस ठिपक्यांचा मऊपणा. काटा किंचित कॅमेऱ्याकडे कललेला, म्हणून वर जाता जाता तो वाढत जाऊन टोकाला अठ्ठावीस.

काटा तिने लेन्सचं तोंड बारीक करून, पुरता धारदार टिपला, उजेड म्हाताऱ्याच्या फोटोत होता त्याच बाजूने ठेवून. मग तो कापून घेतला, आणि त्याचा रंग आणि त्याची कड एकत्रच मऊ केली, म्हणजे कड बाहेर, कोटावर पसरली. नवशिके आतलं पोलाद मऊ करतात आणि कड कात्रीने कापल्यासारखी ठेवतात. ते चित्र नसतं, वहीवर चिकटवलेलं स्टिकर असतं. पोलादावरच्या चकाकीचं तिने वेगळंच बघितलं. साधं पुसट केलं की चकाकीचा राखाडी डाग होतो, लेन्स मात्र तिची लख्ख, कडा असलेली चकती करते. म्हणून तिने ते गणित पडद्यावरच्या रंगांत न करता प्रत्यक्ष उजेडाच्या प्रमाणात केलं. काट्याखाली झाकणावर मऊ सावली पाडली. शेवटी सगळ्या फोटोत जे बारीक वाळूसारखं दाणेदारपण होतं ते काट्यावरही पसरलं, कारण मऊ केलेली गोष्ट तुळतुळीत होते आणि तुळतुळीत गोष्ट चुगली करते.

आणि तेव्हा एक गोष्ट झाली जिच्यावर वहिनी स्वतःच खूश झाली. काट्याचं एक बोट अठरा ठिपके रुंद होतं, म्हणजे मऊपणाच्या चकतीहून बारीक. त्यामुळे टोकाकडे ते थोडं पारदर्शक झालं. मागचा कोट त्यातून अंधुक दिसू लागला. खऱ्या लेन्सने अगदी हेच केलं असतं. पडद्यासमोर तिने खुर्ची मागे सारली, आणि म्हातारा आणि काटा एकाच खोलीत, एकाच दुपारी बसले आहेत असं तिला वाटलं.

उस्ताद आले, वाकले, आणि म्हणाले, ‘‘हे काय? धूर?’’

‘‘नादकाटा आहे.’’

‘‘कुठाय? मला तर उदबत्ती विझल्यासारखं दिसतंय. अगं, फोटोचं नाव काय आहे? नादकाट्यामागचा माणूस! लोकांना काटा दिसायला नको?’’

‘‘दिसतोच आहे. लोकांचे डोळे म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर जाऊन मग खाली येतील, तेव्हा कळेल. शेजारचा हात बघा. हात एवढा मऊ आहे, मग काटा...’’

‘‘हाताकडे कोण बघतंय?’’

‘‘ज्याला कळतं तो.’’

‘‘म्हणजे मला कळत नाही?’’ उस्तादांनी आवाज चढवला. बाहेरच्या खोलीत चौकटवाला माप घेत होता, त्याने माप घेणं थांबवलं. ‘‘तीस वर्षं मी लेन्समधून बघतोय. फोकस मला शिकवू नकोस. काटा धारदार पाहिजे, लखलखीत पाहिजे, त्याच्यावरचा आकडासुद्धा वाचता आला पाहिजे.’’

‘‘डोळे धारदार, हात मऊ, आणि हाताच्या शेजारचा काटा धारदार. अशी लेन्स जगात नाहीये.’’

‘‘माझ्या फोटोत आहे,’’ उस्ताद म्हणाले, आणि या वाक्यावर ते इतके खूश झाले की पुढे काही बोलायची त्यांना गरज वाटली नाही.

पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं यालाही मर्यादा असते. वहिनीने मऊपणा काढून टाकला. काटा होता तसा लख्ख, आकड्यासकट, म्हाताऱ्याच्या मऊ हाताशेजारी उभा केला. बरोबर दहा मिनिटं लागली. या बाबतीत उस्तादांचा अंदाज खरा ठरला. ते पडद्यासमोर उभे राहून म्हणाले, ‘‘बघ! आता कसा बोलतोय.’’ पूर्ण आकारात बघा, असं वहिनीने दोनदा सांगितलं. त्यांनी पूर्ण आकारात बघितलं आणि पुन्हा म्हणाले, ‘‘बोलतोय.’’

यादी छापून आली ती गुरुवारी सकाळी. वहिनी शेवटच्या पानापासून वाचायला लागली. दिवेवाल्याचे आभार होते. चौकटवाल्याचे होते. दालनाच्या व्यवस्थापकांचे, कागद पुरवणाऱ्याचे, आणि ज्याच्या गाडीतून चौकटी नेल्या त्या टेम्पोवाल्याचेसुद्धा होते. त्याखाली ओळ होती, ‘आणि माझ्या कुटुंबाच्या सहनशीलतेचे’. त्याच्या वरच्या परिच्छेदात उस्तादांनी लिहिलं होतं की या एकवीस छायाचित्रांपैकी एकालाही कॅमेऱ्याबाहेर स्पर्श झालेला नाही. वहिनीने ते पान दोनदा वाचलं. आपलं नाव चुकून दुसऱ्या पानावर गेलं असेल म्हणून बाकीची पानंही चाळली. मग तिला स्वतःचाच राग आला. सोळा वर्षं ज्या माणसाचं खोटं खरं करण्यात घालवली, त्याचं बोलणं तेवढं खरं असेल असं धरून चालणारी बाई कुठली शहाणी!

उस्ताद समोर चहा पीत होते. ‘‘आयोजक म्हणाले, आता ऐन वेळी काही वाढवू नका,’’ ते म्हणाले. ‘‘पुढच्या वेळी नक्की.’’

‘‘टेम्पोवाला ऐन वेळी नव्हता वाढवला?’’

‘‘अगं, त्याला वाईट वाटलं असतं.’’

वहिनीने यादी मिटली आणि ती मागच्या खोलीत गेली.

दुपारी छपाईवाल्याचा फोन आला. ‘‘वहिनी, म्हाताऱ्याच्या फोटोच्या दोन फाइली आल्यात हो माझ्याकडे. एकात तो काटा कसला भारी बसलाय, हवेत असल्यासारखा. आणि दुसऱ्यात... म्हणजे मी काय बोलणार, पण चिकटवल्यागत वाटतोय. कुठली छापू?’’

मऊ काट्याची फाइल वहिनीने उस्तादांना दाखवायच्या आधीच पाठवून ठेवली होती. याआधी असं तीन-चारदा झालं होतं. प्रत्येक वेळी उस्तादांच्या नकळत चांगली फाइल पाठवून तिने त्यांचं नाक वाचवलं होतं, आणि प्रत्येक वेळी उस्तादांनी त्या नाकावर दुसऱ्याच दिवशी नवा चष्मा चढवला होता. आताही तिच्या तोंडावर ‘पहिली छापा’ असंच आलं होतं. वाईट काम बाहेर जाऊ द्यायचं म्हणजे तिच्या अंगावर काटा यायचा. ते उस्तादांच्या नावाने जात असलं तरी.

‘‘साहेबांनी पसंत केलेली छापा,’’ ती म्हणाली. ‘‘दुसरी.’’

‘‘नक्की ना?’’

‘‘त्यांना विचारा हवं तर.’’

छपाईवाल्याने खरंच विचारलं. उस्ताद त्याच्यावर खेकसले, की एकदा सांगितलेलं कळत नाही का, धारदार ती छाप, आणि मोठी छाप, दारासमोरच्या भिंतीवर लागणारी आहे ती.

शनिवारी संध्याकाळी दालन भरलं. पांढऱ्या भिंती, वरून एकेका फोटोवर सोडलेले दिवे, आणि हातात सरबताचे पेले घेऊन फिरणारी माणसं, जी फोटोसमोर उभी राहून एकमेकांच्या कपड्यांबद्दल बोलतात. उस्तादांनी काळा कुडता घातला होता आणि ते नादकाट्याच्या फोटोशेजारी उभं राहून एका बाईंना सांगत होते की योग्य क्षण येईपर्यंत ते दोन तास श्वास रोखून होते. बाईंनी विश्वास ठेवला. दोन तास श्वास रोखणारा माणूस जिवंत कसा, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही.

तेवढ्यात लेन्सकाका आले. ऐंशीचे, कमरेत वाकलेले, कोपरावर ठिगळ लावलेल्या जाकिटात. शहरातल्या निम्म्या फोटोग्राफरांच्या लेन्सा या माणसाने चाळीस वर्षं उघडल्या, पुसल्या, जुळवल्या होत्या, आणि उस्तादांना कॅमेरा धरायलाही त्यांनीच शिकवलं होतं. उस्तादांनी वाकून नमस्कार केला, थोडा सगळ्यांना दिसेल असा. काकांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. ते फोटोकडे बघत होते. मग चष्मा कपाळावर सारून त्यांनी नाक पार काचेपाशी नेलं. आजूबाजूची माणसं सरकून जवळ आली.

‘‘हा काटा कुठे होता रे?’’ काकांनी विचारलं.

‘‘त्यांच्या हातापाशी, काका. पुढ्यात.’’

‘‘हाताशेजारी?’’

‘‘हो. अगदी शेजारी.’’

‘‘हात लोण्यासारखा मऊ,’’ काका सावकाश म्हणाले, ‘‘आणि त्याच्याच रांगेतला काटा वस्तऱ्यासारखा. चाळीस वर्षांत अशी लेन्स माझ्याकडे दुरुस्तीला आली नाही. आली असती तर परत दिली नसती मी.’’

कुणीतरी हसलं. मग आणखी काही जण हसले. उस्तादांचं ऐकत असलेल्या बाईंनी फोटोकडे पुन्हा बघितलं, आणि यावेळी त्यांनाही ते दिसलं. एकदा दाखवल्यावर ते न दिसणं शक्यच नव्हतं. म्हातारा एका जगात बसला होता आणि काटा दुकानाच्या काचेत.

‘‘जुनी लेन्स आहे, काका,’’ उस्ताद म्हणाले. ‘‘तिचं एक वेगळंच...’’

‘‘वेगळंच काय? तुझ्या सगळ्या लेन्सा मी उघडल्यात.’’

उस्तादांनी इकडेतिकडे बघितलं, आणि त्यांची नजर खांबापाशी उभ्या असलेल्या वहिनीवर पडली. बुडणाऱ्याला काडीचा आधार, पण हा माणूस काडीवर पाय देऊन वर येणारा.

‘‘खरं सांगायचं तर काका,’’ ते आवाज उतरवून, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत उतरवून म्हणाले, ‘‘हे हिचं काम. ही घरी कॉम्प्युटरचं बघते. हौसेने काटा टाकला तिने. तिला बिचारीला फोकसमधलं काय कळणार? मी बघायला हवं होतं, माझंच चुकलं.’’

सोळा वर्षांत बाहेरच्या माणसासमोर कामाचं श्रेय तिला पहिल्यांदा मिळालं, ते हे. वहिनीला वाटलं होतं की असं काही झालं तर आपण रडू. रडू आलं नाही. तिला हसू आलं, तेही असं की आवरायला पदर तोंडाला लावावा लागला. नादकाटा फोटोत आणायचा विसरलेला, मऊ काट्याला धूर म्हणालेला, छपाईवाल्यावर खेकसलेला हा माणूस आता उदार मनाने तिच्या चुकीची माफी मागत होता.

काका तिच्याकडे वळले. ‘‘तू केलंस हे, पोरी?’’

‘‘हो काका. हे माझंच काम,’’ वहिनी म्हणाली. ‘‘आधी मऊ केला होता, बाहीच्या बटणावरच्या टिकलीचं माप घेऊन. बुडाला बावीस, टोकाला अठ्ठावीस. टोकातून मागचा कोट दिसत होता. यांना तो धूर वाटला, म्हणून काढून टाकला.’’

काकांनी बाहीच्या बटणाकडे बघितलं. मग वहिनीकडे. मग पुन्हा बटणाकडे. ‘‘बटणावरून,’’ ते स्वतःशी म्हणाले. ‘‘बरोबर आहे. तिथूनच घ्यायला हवं.’’

‘‘अगं, पुरे आता,’’ उस्ताद दातांतून म्हणाले.

‘‘तुम्हीच सांगितलंत ना, माझं काम म्हणून,’’ ती म्हणाली. ‘‘मग पूर्ण सांगते. या, काका.’’

तिने काकांना पलीकडच्या भिंतीपाशी नेलं. तिथे इस्त्रीवालीचा फोटो होता. बाईचे डोळे, कपाळावर चिकटलेली बट, आणि पुढ्यात, अगदी खालच्या कोपऱ्यात, मऊ झालेली इस्त्री. तिच्या कडेवरच्या चकाकीच्या चकत्या, फोटोच्या कोपऱ्यात होतात तशा, लिंबासारख्या दोन्हीकडून चेपलेल्या. मागच्या वर्षी या फोटोला सुवर्णपदक मिळालं होतं. काका त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. एकदा चष्मा लावून बघितला, एकदा काढून.

‘‘यात काय आहे?’’

‘‘इस्त्री नव्हती, काका. ती मागाहून आणली.’’

काका पुन्हा वाकले. त्यांच्यामागे आता वीस-पंचवीस माणसं गोळा झाली होती, आणि तीही वाकली. कुणालाही जोड सापडली नाही.

‘‘नाही सापडत मला,’’ लेन्सकाका शेवटी म्हणाले. चाळीस वर्षांत त्यांनी हे वाक्य कुणाला ऐकवल्याचं कुणाला आठवत नव्हतं. ‘‘अजून आहेत अशी?’’

‘‘आहेत.’’

‘‘किती?’’

‘‘एकवीसपैकी सतरा.’’

आयोजकांनी हातातली यादी उघडली, ‘एकालाही कॅमेऱ्याबाहेर स्पर्श झालेला नाही’ त्या पानावर, आणि हळूच मिटली. अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो, हसण्यावारी नेतो, निदान ठसका लागल्याचं सोंग तरी करतो. पण उस्तादांना सोळा वर्षांत एकाही गोष्टीचं स्वतः सोंग करावं लागलं नव्हतं. तीही सोय मागच्या खोलीतून होत असे. ते गर्दी सारत पुढे आले.

‘‘खोटं!’’ ते ओरडले. ‘‘साफ खोटं! चार तरी माझी आहेत!’’

‘‘आहेत ना,’’ वहिनी म्हणाली. ‘‘त्या चारांत पुढ्यात काही ठेवायचंच नव्हतं.’’